सात-बारा, फेरफार, खरेदीखतांचं मिश्र बंडल लावणं: ओसीआरमायपीडीएफ आणि एक तक्ता, आठ महिन्यांच्या वापरानंतर

शेतजमिनीच्या शोध अहवालासाठी पक्षकार जे कागद पाठवतो, ते क्रमाने कधीच नसतात. एका पीडीएफमध्ये सात-बारा, त्याला चिकटून अर्धं खरेदीखत, मध्येच आधार कार्ड, मग फेरफार, आणि खरेदीखताची उरलेली पानं भलत्याच फाइलमध्ये. सारांश लिहायला घेण्याआधी हे बंडल लावण्यासाठी गेले आठ महिने ओसीआरमायपीडीएफ ही मोफत आज्ञावली आणि लिबरऑफिसमधला एक तक्ता वापरात आहे. हा अनुभव महाराष्ट्रातल्या महसूल आणि नोंदणीच्या कागदांपुरता आहे.

पहिल्यांदा आज्ञावलीबद्दल. ती स्कॅनच्या प्रतिमेखाली शोधता येणारा मजकूर घालते, आडवी-उलटी पानं सरळ करते आणि मजकुराची वेगळी फाइल देते. अक्षरं ओळखण्याचं काम ती टेसरॅक्ट या दुसऱ्या आज्ञावलीकडून करून घेते, आणि मराठीसाठी टेसरॅक्टची मराठी भाषा-फाइल वेगळी बसवावी लागते. रोजच्या वापरातली आज्ञा अशी:

```
ocrmypdf -l mar+eng --rotate-pages --deskew \
  --sidecar bundle.txt bundle.pdf bundle-ocr.pdf
```

फोनवरून आलेले फोटो आधी `img2pdf` ने एका पीडीएफमध्ये बांधून घ्यावेत. मूळ फायलींना हात लावायचा नाही. सगळं काम प्रतीवर करायचं आणि प्रत्येक पानाला बंडलभर सलग चालणारा एकच क्रमांक द्यायचा. हा क्रमांक पुढे तक्त्यात, सारांशात आणि पक्षकाराला पाठवायच्या प्रश्नांत तोच राहतो.

इथे दोन अडचणी येतात. डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा या आज्ञेला दिला, तर अलीकडच्या आवृत्त्या थेट नकार देतात, कारण फाइल बदलली की स्वाक्षरी बाद होते. ते योग्यच आहे. असा उतारा बंडलातून वेगळा काढून जसाच्या तसा ठेवावा आणि शोधासाठी त्याची छापून स्कॅन केलेली प्रत घ्यावी. दुसरी अडचण जास्त फसवी आहे. पक्षकाराच्या टायपिस्टने श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला करारनामा पीडीएफ म्हणून आला, तर त्यात मजकूर आधीच असतो, पण नक्कल करून पाहिला की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. मजकूर सापडला म्हणून आज्ञावली थांबते. तिथे `--skip-text` देऊन पुढे गेलात तर ती पानं शोधात कधीच सापडणार नाहीत. अशा फायलींना `--force-ocr` द्यावं लागतं.

मराठी छापील मजकूर ३०० डीपीआयच्या स्कॅनवर चांगला वाचला जातो. आकडे मात्र भरवशाचे नाहीत. १ चा ९ होतो, ४ चा इंग्रजी 8 होतो. सात-बारावर नावांशेजारी वर्तुळात लिहिलेले फेरफार क्रमांक तर बहुतेक वेळा गायबच होतात. त्याहून गंभीर म्हणजे कंस. जुन्या हस्तलिखित सात-बारावर ज्या नावाला कंस केला आहे ते कमी झालेलं नाव असतं, आणि संगणकीय उताऱ्यात तेच नाव खोडरेघेने दाखवलेलं असतं. मजकूर काढताना कंसही जातो, रेघही जाते आणि कमी झालेला खातेदार जिवंत हक्कासह मजकुरात उभा राहतो. म्हणून या आज्ञावलीचा उपयोग पान शोधण्यापुरता ठेवावा. प्रकार, तारीख, नाव आणि क्षेत्र डोळ्यांनी प्रतिमेवरून घ्यायचं.

स्कॅन काळ्या-पांढऱ्यात आलं असेल तर रंगीत किंवा किमान ग्रे स्कॅन परत मागवावं, आणि तेही काम सुरू करण्याआधी. फेरफारावर मंडळ अधिकाऱ्याचा ‘मंजूर’ किंवा ‘रद्द’ हा शेरा शेवटच्या रकान्यात असतो, बऱ्याचदा लाल शाईत, वर जांभळा शिक्का. काळ्या-पांढऱ्या स्कॅनमध्ये तिथे नुसता डाग उरतो. रद्द झालेला फेरफार मंजूर समजून पुढे गेलं, तर सगळी साखळी चुकते.

आता प्रत्यक्ष लावणं. पहिल्या फेरीत वाचायचं नाही, फक्त दस्त कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते ठरवायचं. संगणकीकरणानंतरच्या नोंदणीकृत दस्तात यासाठी उत्तम खूण मिळते. प्रत्येक पानावर दुय्यम निबंधक कार्यालयाचं लघुरूप, दस्त क्रमांक, वर्ष आणि ‘एकूण ४० पैकी १५’ अशा अर्थाचा पान क्रमांक शिक्क्यात असतो. तीन वेगळ्या फायलींत विखुरलेला दस्त त्यावरून जुळतो आणि कोणतं पान आलंच नाही तेही कळतं. जुन्या दस्तांना ही सोय नाही. तिथे मुद्रांक कागदाच्या पाठीवर नोंदणीचा शेरा असतो, आणि पक्षकाराने फक्त पुढची बाजू स्कॅन केलेली असते. पाठ नसलेला जुना दस्त दिसला की तक्त्यात ‘पाठ नाही’ असं लिहून तिथेच मागणी नोंदवावी.

प्रकार ठरवताना शीर्षकावर विसंबू नये. ‘करारनामा’ या नावाखाली साठेखतही असतं, विकसन करारही आणि कधी निव्वळ नोटरी केलेला कागदही. नोटरीचा लाल सील आणि निबंधकाचा शिक्का लांबून सारखेच भारदस्त दिसतात. शिक्क्यात दस्त क्रमांक आहे का, हे पाहिलं की गोंधळ मिटतो. प्रकाराशेजारी प्रतीचं स्वरूपही लिहावं: मूळ, खरी नक्कल, झेरॉक्स, की संकेतस्थळावरचा केवळ माहितीसाठी असलेला उतारा.

सगळ्यात जास्त वेळ तारखांना लागतो, आणि लागायला हवा. एकाच व्यवहाराच्या कागदांवर पाच तारखा असू शकतात. उदाहरण म्हणून १८६ पानांचं, गट १२७ चं एक बंडल धरू. खरेदीखतावर सही १२ मार्च १९८४ ची आहे आणि नोंदणी ४ जुलै १९८४ ला झाली आहे. नोंदणी अधिनियम १९०८ प्रमाणे दस्त सादर करायला चार महिने मिळतात, त्यामुळे हे अंतर संशयास्पद नाही. फेरफार ९ नोव्हेंबर १९८४ ला नोंदला गेला, २१ जानेवारी १९८५ ला प्रमाणित झाला, आणि हातातली खरी नक्कल २ जून २०१९ ला दिलेली आहे. घाईत लावणारा माणूस ठळक शिक्का पाहून हा फेरफार २०१९ खाली टाकतो.

त्याच बंडलात विकणाऱ्याने सोसायटीच्या कर्जासाठी केलेला इकरार आहे, दिनांक २० मे १९८४. तक्त्यात तारखेचा एकच रकाना असेल आणि त्यात खरेदीची नोंदणीची तारीख भरली असेल, तर क्रम असा दिसतो: मे मध्ये बोजा, जुलैमध्ये विक्री. म्हणजे खरेदीदाराने बोजासकट जमीन घेतली. पण त्याच अधिनियमाच्या कलम ४७ प्रमाणे नोंदणीकृत दस्त सहीच्या दिवसापासून लागू होतो. त्या हिशेबाने मार्चमध्येच जमीन विकलेली होती आणि मे मधला इकरार विकणाऱ्याने मागाहून केला. बोजा टिकतो की नाही हा निर्णय लावणाऱ्याचा नाही, तो वकिलाचा. लावणाऱ्याने प्रश्न दिसेल अशा पद्धतीने कागद मांडायचे, एवढंच. त्यासाठी सही, नोंदणी, फेरफार नोंद, प्रमाणन आणि नक्कल असे पाच रकाने ठेवावेत. कागदावर नसलेली तारीख अंदाजाने भरू नये, रकाना रिकामा ठेवावा.

तक्त्यात तारखा मजकूर म्हणून `1984-03-12` अशा लिहाव्यात. हे सांगायचं कारण अगदी व्यावहारिक आहे: रकान्याचं स्वरूप मजकूर केलं नसेल, तर `7/12` किंवा हिस्सा क्रमांक `4/2` टाइप करताच त्याची तारीख होऊन बसते. देवनागरी आकड्यांत भरलं तर क्रमवारी लागेलच असं नाही. जुन्या कागदांवर शके असेल तर तो जसाच्या तसा शेऱ्यात ठेवून शेजारी इसवी सन लिहावा. शकात ७८ मिळवायचे, पण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत बहुधा ७९.

मग उपयुक्तता. इथे आमचं मत ठाम आहे: गट-सर्वे मेळ सापडेपर्यंत एकही पान बाजूला काढू नये. १९४७ च्या तुकडेबंदी-एकत्रीकरण कायद्याखाली जिथे योजना लागू झाली, तिथे सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले. वरच्या बंडलात ‘सर्वे नं. ४५/२’ असं लिहिलेली बावीस पानं आहेत आणि ‘१२७’ शोधल्यावर त्यातलं एकही पान सापडत नाही. ती पानं दुसऱ्या जमिनीची वाटतात, पण १२७ ची मूळ जमीन तीच आहे. त्यामुळे सगळ्यात आधी एकत्रीकरणाचा उतारा शोधायचा, आणि तो बंडलात नसेल तर मागवायचा. क्षेत्रही ताडून पाहावं. जुन्या कागदावर ते एकर-गुंठ्यांत असतं आणि नव्यावर हेक्टर-आरमध्ये. चार एकर म्हणजे १६० गुंठे, साधारण १ हेक्टर ६२ आर. गट १२७ चं क्षेत्र १ हेक्टर ६२ आर असेल तर मेळ बसला. मोठा फरक निघाला तर गटात आणखी एखादा सर्वे नंबर मिसळलेला असतो किंवा जमिनीचा तुकडा कुठेतरी गेलेला असतो.

संबंधाच्या रकान्यात तीनच शब्द पुरतात. ‘थेट’ म्हणजे हक्क बदलणारा किंवा हक्कावर बोजा टाकणारा कागद. ‘जोड’ म्हणजे त्याला आधार देणारा: मोजणी नकाशा, वारसाचा दाखला, कुलमुखत्यारपत्र. ‘बाजूला’ म्हणजे ओळखपत्रं, वीजबिलं, दुहेरी झेरॉक्स. दुहेरी वाटणारी प्रत बाजूला टाकण्याआधी दोन्ही प्रती शेजारी ठेवून पाहाव्यात. वेगवेगळ्या वर्षी घेतलेल्या एकाच सात-बाराच्या दोन नकला दुहेरी नसतात, कारण ‘इतर हक्क’ रकान्यात मधल्या काळात काय चढलं आणि काय उतरलं ते त्या दोन नकलांमधल्या फरकातच दिसतं. रद्द फेरफारही ‘थेट’ मध्येच राहतो.

वेळेचा अंदाज द्यायचा तर १८६ पानांचं ओसीआर चार कोअरच्या साध्या संगणकावर दहा-पंधरा मिनिटांत होतं, आणि तक्ता भरायला एका माणसाचा जवळपास पूर्ण दिवस जातो. हस्तलिखित जुने फेरफार आणि मोडीतले दस्त यांना ही आज्ञावली काहीच देत नाही. मोडीची पानं पहिल्या फेरीतच वेगळी करून मोडी वाचकाकडे पाठवावीत, कारण त्यांना सगळ्यात जास्त दिवस लागतात. `--rotate-pages` मोजणी नकाशे कधी कधी उलटे करतं, तेव्हा नकाशावरच्या उत्तर दिशेच्या बाणाकडे पाहून ते हाताने सरळ करावेत.

तक्ता भरून झाला की त्यातून आणखी एक यादी निघते: दस्ताची न आलेली पानं, न आलेल्या पाठी, सात-बारावर क्रमांक दिसतो पण बंडलात नाही असे फेरफार. ही यादी पक्षकाराकडे गेल्याशिवाय आणि तिचं उत्तर आल्याशिवाय सारांशाची फाइल उघडत नाही.