गालांवरचं फुलपाखरू: ल्युपस, रोझेशिया की नुसतं ऊन लागलंय?

उन्हातून आल्यावर दोन्ही गाल आणि नाकाचा दांडा लाल दिसला की आरशातली ती आकृती खरंच पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी वाटते. मग मोबाइलवर शोधाशोध होते आणि ‘ल्युपस’ हा शब्द समोर येतो, म्हणजे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर उलटते तो आजार. त्वचारोगाच्या ओपीडीत या धास्तीने येणाऱ्या बहुतेकांना ल्युपस नसतोच. पण उलटंही घडतं. खरा ल्युपस ‘ऊन लागलंय’ म्हणत महिनोन्‌महिने क्रीमखाली दडून राहतो. तिघांतला फरक ओळखताना मी लालीच्या रंगावर फारसा विसंबत नाही. आधी दोन गोष्टी बघतो: ऊन आणि पुरळ यांत किती वेळ गेला, आणि नाकाशेजारच्या घडीचं काय झालं.

वेळेचा हिशेब सगळ्यांत बोलका असतो. उन्हाने त्वचा भाजली असेल तर 3 ते 5 तासांत लाली चढू लागते, 12 ते 24 तासांत ती कळसाला पोचते, हात लावला तरी झोंबतं आणि आठवड्याभरात सालं निघून प्रकरण मिटतं. रोझेशियात, म्हणजे चेहरा वारंवार लाल होण्याच्या जुनाट त्वचाविकारात, चेहरा काही मिनिटांतच तापतो. त्यासाठी ऊनच लागतं असंही नाही. गरम पेय, तिखट जेवण, मद्य, एखादा संतापाचा प्रसंग यांपैकी काहीही पुरतं. ती लाली ओसरते, पुन्हा येते, आणि काही महिन्यांनी मागे एक कायमचा लालसरपणा ठेवून जाते.

ल्युपसचं पुरळ मात्र सावकाश येतं. ऊन लागल्यावर काही दिवसांनी, कधी एक ते तीन आठवड्यांनीही. अतिनील किरणांनी त्वचेतल्या पेशी मरतात, त्यांच्या केंद्रकातला ऐवज बाहेर पडतो, ल्युपसमध्ये त्याची साफसफाई नीट होत नाही आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यावरच तुटून पडते. या सगळ्याला वेळ लागतो. म्हणून पेशंट अगदी प्रामाणिकपणे सांगतात, “डॉक्टर, मी उन्हात गेलेच नाही.” काल-परवाचं विचारून भागत नाही, मागच्या पंधरवड्याचं विचारावं लागतं. शिवाय एकदा आलेलं हे पुरळ तासांत ओसरत नाही, कित्येक दिवस किंवा आठवडे तसंच बसून राहतं.

आता ती घडी. नाकपुडीच्या कडेपासून ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी. ल्युपसचं फुलपाखरू बहुतेक वेळा या घडीपाशी थांबतं. गाल लाल, नाकाचा दांडा लाल, आणि मधली घडी कोरी. रोझेशिया ही सीमा पाळत नाही. नाकाचा शेंडा, हनुवटी, कपाळाचा मधला भागही तो धरतो, आणि जवळून पाहिलं तर बारीक लाल फोड, पू धरलेल्या पुटकुळ्या आणि केसाएवढ्या रक्तवाहिन्यांचं जाळं दिसतं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं का, हेही विचारावं. रोझेशियात ते बरेचदा असतं. उन्हाने भाजलं असेल तर फुलपाखरू नसतंच, कपाळ, कान, मानेचा उघडा भाग सगळंच भाजतं आणि कपड्याच्या काठाशी रेघ मारल्यासारखी हद्द दिसते. पुरळ नेमकं घडीतच जास्त असेल आणि त्यावर तेलकट खपल्या असतील, तर हे तिन्ही सोडून सेबोऱ्हिक डर्मटायटिसचा, म्हणजे कोंड्याच्याच भाऊबंदाचा विचार करावा.

सावळ्या त्वचेवर मात्र ‘लाल’ हा शब्द फसवतो. तिथे पुरळ तपकिरी किंवा जांभळट दिसतं. अशा वेळी खिडकीच्या उजेडात चेहरा थोडा तिरका धरून बघावं आणि त्वचा गरम, फुगीर किंवा खरखरीत लागते का ते बोटाने चाचपावं.

एक उदाहरण सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय 28. दोन दिवस उघड्या मैदानावर स्पर्धा, आणि आठव्या दिवशी गालांवर चट्टे. कुणीतरी रोझेशिया म्हटलं, तिने घरातलं स्टिरॉइड क्रीम तीन आठवडे लावलं. लावलं की बरं, सोडलं की परत. मी पाहिलं तेव्हा पुटकुळी एकही नव्हती आणि घडी कोरी होती. इथपर्यंत नुसता संशय. सकाळी बोटं आखडतात का, विचारलं. “तासभर मूठ वळत नाही, पण तो कामाचा ताण असेल.” तोंड उघडायला सांगितलं, तर वर टाळूवर दोन व्रण. दुखत नव्हते, त्यामुळे तिला ठाऊकच नव्हते. त्याच दिवशी लघवी तपासली, तर प्रथिनं जात होती. एएनए, म्हणजे स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी रक्ततपासणी, 1:640 म्हणजे बरीच जास्त आली, आणि डीएनएविरुद्धची डीएसडीएनए अँटिबॉडीही पॉझिटिव्ह. चेहऱ्याच्या तक्रारीवर आलेल्या मुलीची किडनी तेव्हाच धोक्यात होती, आणि ते सांगितलं चाळीस मिलिलिटरच्या डबीतल्या लघवीने.

एएनएबद्दल एक अडचण समजून घ्या. ल्युपसच्या जवळजवळ सगळ्या पेशंटमध्ये ही तपासणी पॉझिटिव्ह येते, त्यामुळे ती निगेटिव्ह असेल तर ल्युपसची शक्यता फारच कमी होते. पण 1:80 सारखा कमी आकडा चांगल्या निरोगी माणसांतही सापडतो, रोझेशियाच्या पेशंटमध्येही. म्हणून नुसता चेहरा लाल आहे म्हणून स्वतःहून एएनए करून घेऊ नका. कमी पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात पडला की आजार नसताना झोप उडते. सांधे, तोंडातले व्रण, गळणारे केस, ताप, लघवी यांच्या सोबतीनेच त्या आकड्याला अर्थ येतो. एवढं करूनही चित्र अर्धवट राहिलं तर त्वचेचा 3-4 मिलिमीटरचा तुकडा काढून बायॉप्सी करतात.

मग दाखवायचं कधी? पुरळ दोन-तीन दिवसांत उतरणीला लागलं आणि सालं निघाली, तर ऊन टाळा आणि सोडून द्या. लाली येते-जाते आणि पुटकुळ्या आहेत, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे सवडीने गेलात तरी चालेल. पण पुरळ आठवडाभर हललं नाही आणि सोबत सांधे आखडताहेत किंवा ताप आहे, तर त्याच आठवड्यात जा. लघवीला फेस, पायांवर सूज किंवा खोल श्वास घेताना छातीत कळ, यांपैकी काही असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. तोवर रोज एकाच जागी, दिवसाच्या उजेडात एक फोटो काढून ठेवा, कारण दाखवायला जाल त्या दिवशी पुरळ नेमकं फिकं पडलेलं असतं. आणि स्टिरॉइड क्रीम स्वतःच्या मनाने अजिबात नको. ते ल्युपसचं पुरळ पुसट करतं आणि रोझेशिया भडकवतं, म्हणजे दोन्हीकडून निदान गढूळ.

उपचारांचे रस्तेही वेगळे, म्हणून अंदाजाने औषध घेणं महागात पडतं. रोझेशियासाठी बरेचदा डॉक्सिसायक्लिन देतात, आणि त्याने त्वचा उन्हाला जास्तच हळवी होते. ल्युपसमध्ये हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हा पाया. त्याचा गुण दिसायला काही आठवडे ते महिने लागतात आणि डोळ्यांची तपासणी ठरल्या वेळी करावी लागते. त्या मुलीला किडनीसाठी आणखी औषधं लागली. चेहरा तीन महिन्यांनी निवळला, पण एक गाल मागे रेंगाळत होता, डावा. तिची ऑफिसातली खुर्ची खिडकीला लागून, डावी बाजू काचेकडे. साधी काच अतिनील किरणांपैकी यूव्हीबी अडवते, यूव्हीए बऱ्याच प्रमाणात आत येऊ देते. तिने खुर्ची आतल्या भिंतीकडे हलवून घेतली.