तळपायाचा काळा डाग: दुबईतच दाखवावा की सुट्टीत नाशकात?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून दुबईला गेलेल्या फिटर, वेल्डर, डक्टवाल्यांची एक ठरलेली रीत आहे. दुखणं कुठलंही असो, ते सुट्टीपर्यंत राखून ठेवायचं. दाढ, मूळव्याध, चष्म्याचा नंबर, सगळं 'गावाला गेल्यावर बघू'. बहुतेक दुखण्यांना हे चालूनही जातं. पण अंगावरचा, त्यातही तळपायावरचा काळा डाग बदलायला लागला असेल तर हीच रीत चालते का? या दोन्ही वाटा मी जवळून पाहिल्यात. एक आमच्या खोलीतल्या निफाडच्या मित्राची, दुसरी माझी.

आधी त्याची सांगतो. दुबईतल्या सोनापूरच्या कॅम्पमध्ये त्याची बंक खालची, माझी वरची. त्याच्या डाव्या टाचेच्या कडेला काळपट ठिपका होता. सुरुवातीला तुरीच्या दाण्याएवढा. सेफ्टी शूज दिवसभर घासतात, त्यामुळे कुरूप आलं असेल असं धरून त्याने मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून लावली. वरची कातडी पांढरी होऊन निघाली, खाली काळं तसंच. खरं तर कुरूप सहसा काळं नसतं आणि दाबलं की ठणकतं. हा डाग दुखतच नव्हता. न दुखणारी गोष्ट पुढे ढकलणं सोपं, आणि त्याने ती वर्षभराहून जास्त ढकलली. तोवर डाग दीड सेंटिमीटर झाला होता, एका बाजूला तपकिरी, मध्ये निळसर काळा, आणि कडा नकाशातल्या किनाऱ्यासारखी वेडीवाकडी.

'आपल्यासारख्या सावळ्यांना कातडीचा कॅन्सर होत नाही' असं खोलीत सगळेच म्हणायचे. गोऱ्यांच्या तुलनेत आपल्यात तो फार कमी होतो, एवढं खरं. पण जो होतो, त्यातला मेलॅनोमा हा प्रकार आपल्याकडे बऱ्याचदा तळपाय, तळहात नाहीतर नखाखाली निघतो. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो, म्हणून 'मी तर बुटात असतो' हे कारण इथे कामाला येत नाही. आणि 'दरवेळी व्हिसाच्या मेडिकलला पास होतोय की' हेही नाही. तिथे रक्त काढतात, छातीचा एक्स-रे काढतात. मोजे काढायला कोणी सांगत नाही.

त्याची खरी अडचण मात्र पैसा आणि रजा हीच होती. कंपनी तिकीट दोन वर्षांनी देणार, गावाला घराचा स्लॅब पडायचा बाकी. दवाखान्यात गेलो तर दिवस बुडेल, ओव्हरटाइम बुडेल, वर तपासणीचे पैसे. एका रात्री आम्ही कागदावर हिशोब मांडला. त्याचा बेसिक 1,200 दिरहम, म्हणजे दिवसाला 40, तासाला 5. ओव्हरटाइमला पंचवीस टक्के वाढवून सव्वासहा, रोजचे दोन तास धरले तर साडेबारा दिरहम. प्रोबेशन संपलेल्या कामगाराला आजारपणाच्या रजेचे वर्षातले पहिले 15 दिवस पूर्ण पगार मिळतो, त्यापुढचे 30 दिवस अर्धा. म्हणजे डॉक्टरचं सर्टिफिकेट आणलं तर बेसिक बुडत नाही, बुडतात ते साडेबारा. आजारी आहोत हे कंपनीला तीन कामकाजाच्या दिवसांत कळवावं मात्र लागतं. हिशोब त्याला पटला. पण फोरमनला रजा मागायची, तो चारचौघांत 'काय झालं तुला?' म्हणणार, याची धास्ती कागदावर कुठे मांडणार? तो सुट्टीची वाट बघत राहिला.

सुट्टी मिळाली 30 दिवसांची. पहिला आठवडा भेटीगाठी, दुसऱ्यात मेहुणीच्या मुलीचं लग्न. घरी टाचेचं सांगितलं ते सतराव्या दिवशी. नाशिकच्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्याच दिवशी पाहिलं, फी खिशाला न लागणारी, आणि दोन दिवसांत बायोप्सी झाली. या भागात नाशिकला नाव ठेवायला मला जागा दिसत नाही. उलट दुबईपेक्षा काम पटकन झालं.

पण माझं मत जिथे फिरलं ती जागा हीच. तुकडा फॉर्मॅलिनमध्ये लॅबला गेला, रिपोर्ट अठ्ठाविसाव्या दिवशी आला, आणि परतीचं विमान तिसाव्या दिवशी. रिपोर्टमध्ये मेलॅनोमा, जाडी 2.8 मिलिमीटर. पुढची सगळी गणितं या जाडीवर बसतात. 1 मिलिमीटरच्या आत असेल तर डागाभोवती साधारण 1 सेंटिमीटर निरोगी कातडी धरून कापतात. 2 च्या वर गेली की चहूबाजूंनी 2 सेंटिमीटर. त्याचा दीड सेंटिमीटरचा डाग, म्हणजे साडेपाच सेंटिमीटरची जागा टाचेतून काढायची. ती टाके घालून मिटत नाही, मांडीची कातडी काढून लावावी लागते, आणि त्या पायावर कित्येक आठवडे भार द्यायचा नाही. शिवाय जांघेतल्या पहिल्या गाठीपर्यंत आजार पोचलाय का, ते त्याच वेळी तपासायचं. हे सगळं दोन दिवसांत कोण बसवणार?

मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये गेले तर तिथे लॅबच्या स्लाइड्स आणि काढलेला तुकडा मेणात बसवलेला ब्लॉक मागितला, कारण ते नमुना स्वतः तपासून घेतात. मग भाऊ पुन्हा नाशिकच्या लॅबमध्ये, अर्ज, सही, परत कसारा घाट. एका गाठीत आजार सापडला. ऑपरेशन, ग्राफ्ट, पुढचे उपचार यांत सहा महिने उलटून गेले. एवढा काळ देशाबाहेर राहिलं की दुबईची रेसिडेन्सी सहसा टिकत नाही, त्याचीही नाही टिकली. सध्या तो निफाडलाच आहे, उपचार चालू आहेत, भावाचं द्राक्षाचं पॅकिंग बघतो.

आता माझी वाट. वर्षभराने माझ्या उजव्या तळव्याच्या पुढच्या भागात डाग दिसला. बुटात पाय दाबून रक्त साकळलं तरी काळं दिसतं, पण ते रक्त कातडीबरोबर काही आठवड्यांत झिजून जातं. माझं जात नव्हतं. मी बाजूला 1 दिरहमचं नाणं ठेवून फोटो काढला, महिन्याने पुन्हा तसाच. नाण्याचा व्यास 24 मिलिमीटर, त्यामुळे डाग 5 वरून 7 झाला हे सांगायला डॉक्टर लागला नाही. तळपायावर 7 मिलिमीटरच्या पुढे गेलेल्या काळ्या डागाकडे त्वचेचे डॉक्टर वेगळ्या नजरेने बघतात, हे मला नंतर कळलं.

तिकडच्या वाटेतला त्रास पहिल्याच पायरीवर आहे. आमच्या स्वस्त इन्शुरन्स कार्डावर थेट स्पेशालिस्टकडे जाता येत नाही, आधी क्लिनिकच्या साध्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. आणि तिथे गर्दी इतकी, की मान वर न करता बुरशीचं मलम लिहून देतात. मलाही दिलं. मी मलम घेतलं, पण दोन्ही फोटो पुढे ठेवून मोडक्या हिंदी-इंग्रजीत एकच म्हणालो, 'महिन्यात वाढलाय, रंग बदललाय, त्वचेच्या डॉक्टरची चिठ्ठी द्या.' फोटो बघितल्यावर चिठ्ठी मिळाली. नुसतं 'डाग आलाय' म्हटलं असतं तर मलमावरच परत आलो असतो, असं मला वाटतं.

त्वचेच्या डॉक्टरने भिंगाच्या दिव्यातून पाहिलं. तळव्याच्या कातडीवर बोटांच्या ठशांसारख्या रेघा असतात. साध्या तिळाचा रंग बहुधा रेघांमधल्या खाचांत बसतो, मेलॅनोमाचा उंचवट्यांवर. माझा धड इकडे ना तिकडे, म्हणून त्याने पूर्ण डागच काढून तपासायला पाठवला. कार्डावर वीस टक्के आपले, सगळं मिळून खिशातून गेलं ते गावाला पाठवायच्या पैशांत थोडी ओढाताण करून भागलं. तळपायाचे टाके लवकर काढत नाहीत, दोन-तीन आठवडे लागतात. त्या काळात सर्टिफिकेट दाखवून स्टोअरमध्ये बसायचं काम मिळालं. वरच्या बंकवर एका पायाने चढणं आणि सामायिक संडासात पाय कोरडा ठेवणं, हा मात्र खरोखर वैताग होता. रिपोर्ट आला, साधा तीळ.

माझा तीळ निघाला आणि त्याचा मेलॅनोमा, तेव्हा ही तुलना बरोबरीची नाही हे मान्य आहे. त्याने तिकडे आधी दाखवलं असतं तर जाडी किती निघाली असती, हे कोणीच सांगू शकत नाही. पण दिवसांचा हिशोब दोघांनाही सारखाच लागू होतो. तपासणी, रिपोर्ट आणि टाके यांतच महिना जातो. तो महिना सुट्टीतून काढला तर उपचाराला सुट्टी उरत नाही. तोच तिकडे काढला आणि रिपोर्ट वाईट आला, तर तुम्ही विमानात बसता ते निदान हातात घेऊन, आणि पूर्ण रजा ऑपरेशनला मिळते. मोठं ऑपरेशन कॅम्पमध्ये राहून करावं असं मी कोणाला सांगणार नाही. ग्राफ्ट केलेला पाय उंच ठेवून पडायला घर लागतं, पाणी हातात द्यायला माणूस लागतं, आणि तिथे नाशिकला तोड नाही. म्हणून तपासणी तिकडे, उपचार इकडे, असा माझा कल.

याला अपवाद आहेत. सुट्टी दोन-तीन आठवड्यांवर आली असेल तर चिठ्ठीच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा नाशिकची अपॉइंटमेंट आधीच फोनवर घ्या, आणि उतरल्याच्या दुसऱ्या दिवशीची घ्या, लग्नाच्या नंतरची नको. प्रोबेशन चालू असेल तर आजारपणाची रजा बिनपगारी असते, तेव्हा हिशोब बदलतो. नखाखाली काळी रेघ असून तिचा रंग नखाच्या मुळाशी कातडीवर पसरला असेल, किंवा डागातून रक्त येत असेल, तर दोन्ही हिशोब बाजूला ठेवून जवळचा दवाखाना गाठा. आणि कुठेही असा, डाग ॲसिडने किंवा लेझरने जाळून घेऊ नका. जाळल्यावर लॅबला पाठवायला काही उरत नाही.

तिकडे बायोप्सी झाली असेल तर निघण्याआधी लॅबकडून तीन गोष्टी मागून घ्या: रिपोर्टची सही-शिक्क्याची प्रत, स्लाइड्स आणि मेणाचा ब्लॉक. ब्लॉक द्यायला लॅब लेखी अर्ज मागते आणि तयार करायला वेळ घेते, म्हणून तिकीट काढल्या दिवशीच अर्ज टाका. ब्लॉक मेणाचा असतो, तो उन्हातल्या गाडीत ठेवू नका, आणि स्लाइड्स काचेच्या, त्या हातातल्या बॅगेतच ठेवा.