अपवर्कवर कनेक्ट खर्च करण्याआधी मी काय बघतो : काही महिन्यांच्या वापरानंतर

दापोलीत बसून अपवर्क या फ्रीलान्स कामांच्या साइटवर भाषांतर आणि सबटायटलची कामं घेतो. तिथे कामाला अर्ज करायचा तर कनेक्ट नावाची टोकनं मोजावी लागतात, आणि एक कनेक्ट ०.१५ डॉलरला पडतो. एखाद्या कामाला १६ कनेक्ट लागले की दोनशेच्या आसपास रुपये नुसत्या अर्जात गेले, उत्तर येवो न येवो. म्हणून मी कामाचं वर्णन नंतर वाचतो, आधी क्लायंटची माहिती बघतो.

तिथे सगळ्यात कामाचा आकडा Hire rate, म्हणजे क्लायंटने टाकलेल्या कामांपैकी किती कामांना खरंच माणूस घेतला. १४ कामं टाकली आणि दर ७ टक्के, म्हणजे एकालाच काम मिळालं. मात्र सध्या खुली किती आहेत तेही बघायचं. सहा कामं कालच टाकली असतील तर दर उगाच पडलेला दिसतो. 'पेमेंट व्हेरिफाइड'वर मी फार विसंबत नाही. कार्ड जोडलंय एवढंच त्यातून कळतं, माणूस कसा आहे ते नाही.

रत्नागिरीची एक ओळखीची मुलगी नवीनच आहे. परवा तिने स्क्रीनशॉट पाठवला, "दादा, टाकू का?" ८० पानांची पीडीएफ वर्डमध्ये टाइप करायची, ६०० डॉलर, नवशिके चालतील. म्हटलं, भागाकार कर. पानाला साडेसात डॉलर! जे काम चित्रातला मजकूर ओळखणारं फुकटातलं ओसीआर काही मिनिटांत बरंचसं उरकतं, त्याला एवढे कोण देईल? क्लायंटचं खातं त्याच आठवड्यातलं, त्याने आजवर केलेला खर्च शून्य. जोडलेली फाइल उघडली तर चित्रात टेलिग्रामचा आयडी. मजकुरात लिहिला तर पकडला जातो, म्हणून चित्रात. तिकडे गेलं की काम करून घेतात आणि पैसे सोडवायला आधी 'डिपॉझिट' मागतात. करारच नसतो, त्यामुळे एस्क्रोत, म्हणजे क्लायंटने अपवर्ककडे आधीच जमा करायच्या रकमेत, एक पैसाही नसतो. शिवाय कराराआधी बाहेर बोलणं नियमात बसत नाही, आपलंच खातं अडकायचं. तिने पोस्ट फ्लॅग केली.

मोघम पोस्टचं प्रकरण वेगळं. "मराठी ट्रान्सलेटर हवा, बाकी चॅटमध्ये." शब्द किती, कधी हवं, कशासाठी, काहीच नाही. पण यातले बरेच जण प्रामाणिक असतात, त्यांना लिहिता येत नाही एवढंच. अशा वेळी आधी काम केलेल्यांचे अभिप्राय वाचतो. पैसे वेळेवर दिलेत असं दिसलं तर अर्ज करतो, आणि पहिल्याच ओळीत शब्दसंख्या विचारतो. "ठरल्यापेक्षा काम वाढत गेलं" असं दोघांनी लिहिलेलं असेल तर सोडून देतो, पैसे कितीही असोत.

शेवटी Last viewed by client, म्हणजे क्लायंटने पोस्ट शेवटची कधी बघितली. पोस्ट चार दिवसांची आणि क्लायंट पहिल्याच दिवसानंतर फिरकलेला नाही, तर पन्नास अर्जांत आपला कोण उघडणार? आणि तो रोज येतोय, दोघा-तिघांच्या मुलाखतीही चालू आहेत, तर बहुधा माणूस ठरत आलेला असतो. तिथेही मी कनेक्ट घालत नाही.