इंटर्नशिप रिपोर्टचं इंट्रो: पेपरनुसार लिहायचं की प्रश्नानुसार?

समजा प्रोजेक्टचा प्रश्न असा आहे की नायट्रोजन डोप केलेलं टायटॅनियम डायऑक्साइड दिसणाऱ्या प्रकाशात फिनॉल तोडतं का.

पहिली पद्धत म्हणजे एकेका पेपरला एकेक पॅरा, अमक्याने हे केलं, तमक्याने ते केलं. लिहायला सोपं, नोट्स जवळपास तशाच उतरवता येतात, पण पॅरांचा क्रम उलटसुलट केला तरी काही बिघडत नाही, आणि तिथेच कळतं की हे रिव्ह्यू नाही, नुसती यादी आहे (गाइडलाही लगेच कळतं).

दुसरी पद्धत प्रश्नाकडून मागे येते. टायटॅनियम डायऑक्साइडच्या साध्या, डोप न केलेल्या अ‍ॅनाटेज रूपाचा बँड गॅप साधारण ३.२ इव्ही, म्हणून त्याला यूव्ही लागतो, आणि उन्हात यूव्ही जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास. म्हणून लोक डोपिंगकडे वळले, २००१ मध्ये असाही आणि सहकाऱ्यांनी नायट्रोजनचा मार्ग दाखवला. मग खरी मेख: बऱ्याच टेस्ट मिथिलीन ब्लूवर झाल्यात आणि तो रंग स्वतःच ६६४ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो, त्यामुळे रंग गेला तो कॅटॅलिस्टमुळे की डायच्याच सेन्सिटायझेशनमुळे हे सांगता येत नाही. फिनॉल दिसणारा प्रकाश शोषत नाही, म्हणून आपला प्रश्न फिनॉलवर. इथे एक वाक्य हललं तर साखळी तुटते.

माझं मत दुसरीलाच, फक्त तिच्यात आपल्याला नडणारे रिझल्ट गाळायचा मोह होतो, तेव्हा निदान एक तरी विरोधी पेपर ठेवाच. पहिली पद्धत वाचताना नोट्स काढायला मस्त आहे, रिपोर्टमध्ये नको.