काउंटरवर राहिलेली नोटांची गड्डी आणि माझे गेलेले 12 हजार

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, कारण यात माझाच बावळटपणा जास्त आहे. पण कॅशवर बसणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल म्हणून लिहितोय.

मी निफाड तालुक्यातल्या एका पतसंस्थेत क्लार्क आहे, कॅश काउंटर सांभाळतो. ऑक्टोबर महिना होता, म्हणजे आमच्याकडे द्राक्षाच्या छाटणीचा सीझन, त्यात बाजाराचा दिवस, त्यामुळे सकाळपासून नुसती रांग. टोळ्यांचे पैसे द्यायला लोक कॅश काढतात, सुट्टे मागतात, कुणाला शंभरच्या पाहिजे कुणाला पन्नासच्या. दुपारी दोनच्या आसपास जरा गर्दी ओसरली तेव्हा एक माणूस काउंटरवर भरणा स्लिप लिहित उभा होता, चाळिशीचा, पांढरा शर्ट, गळ्यात उपरणं. फोन आला म्हणून बोलत बोलत बाहेर गेला आणि काउंटरच्या कडेला निळ्या रुमालात बांधलेलं काहीतरी तसंच राहिलं.

मी हाक मारली, पण तो गेला होता. रुमालाची एक कड सैल करून बघितलं तर पाचशेची नोट आणि तिच्यावर कागदी पट्टी, म्हणजे बँकेची असते तशी. शंभर नोटांची गड्डी, पन्नास हजार. छातीत धस्स झालं खरं सांगतो. मनात घाण विचार नाही आला असं म्हणणार नाही, दोन सेकंद आलाच, पण वर कॅमेरा आहे आणि तसाही आपला स्वभाव नाही तो. मी पटकन गाठ परत आवळली आणि रुमाल ड्रॉवरमध्ये ठेवला.

आता इथे माझी पहिली चूक. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "अहो साहेबांना दाखवा, दोघांसमोर मोजून घ्या." बरोबर बोलत होत्या त्या. पण माझ्या डोक्यात उलटंच गणित, की मी गड्डी सोडली आणि उद्या तो म्हणाला दोन नोटा कमी आहेत तर मी काय उत्तर देणार? हात न लावता जशीच्या तशी परत देऊ म्हणजे आपल्यावर बालंट नको. कॅशवर काम करणाऱ्या माणसाला चोरीपेक्षा चोरीच्या आळाची भीती जास्त असते, आणि त्या माणसाला ते बरोबर माहीत होतं असं आता वाटतं.

वीसेक मिनिटांनी तो धापा टाकत आला. "साहेब इथं रुमाल राहिला का माझा?" मी काही भोळा नाही, लगेच दिला नाही. विचारलं किती होते, कसल्या नोटा. म्हणाला पन्नास हजार, सगळ्या पाचशेच्या, बँकेची पट्टी आहे, निळा रुमाल, गाठ दुहेरी. सगळं बरोबर! बरोबर येणारच ना, त्यानेच बांधला होता. मी रुमाल कुणाचा ते तपासलं, आत काय आहे ते तपासलंच नाही.

रुमाल समोर ठेवला तर त्याच्या डोळ्यात पाणी. काउंटरवर डोकं टेकवलं. "साहेब तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय." मी म्हटलं दादा आधी मोजून घ्या. तर म्हणे, "तुमचं मोजायचं? देवमाणूस तुम्ही." मागच्या दोघातिघांनीही मान डोलावली आणि मी जो फुगलो ना, विचारू नका.

मग तो हळूच म्हणाला, की छाटणीची टोळी बाहेर गाडीत बसलीय, त्यांना बाजार करायचाय, पैसे सुट्टे पाहिजेत. गड्डी आता परत घेऊन फिरायची भीती वाटते, तुमच्याकडेच राहू द्या, मला फक्त बारा हजार सुट्टे द्या, त्यांना वाटून अर्ध्या तासात पासबुक घेऊन येतो आणि उरलेले खात्यावर भरतो. मी काय विचार केला, याचे पन्नास हजार माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, बारा दिले तर बिघडलं कुठे. शंभरची एक गड्डी आणि पन्नासच्या चाळीस नोटा काढल्या, मशीनवर दोनदा मोजल्या आणि दिल्या. व्हाउचर नाही, सही नाही, खाते नंबर नाही. आणि गंमत बघा, माझ्या नोटा दोनदा मोजल्या, त्याची गड्डी एकदाही नाही, मशीन हाताच्या अंतरावर असताना.

साडेचार वाजले, तो आला नाही. कॅश टॅली करायची वेळ झाली तेव्हा मॅनेजर साहेबांना सांगितलं आणि त्यांच्यासमोर रुमाल सोडला. वर एक पाचशेची, खाली एक पाचशेची, मधे पांढरा कागद कापून भरलेला. कागद नोटेपेक्षा किंचित आखूड होता, कडेने नीट बघितलं असतं तर पांढरी रेघ दिसत होती. पट्टीवर जांभळा शिक्का होता पण नुसता फासलेला, ना बँकेचं नाव वाचता येत होतं ना तारीख ना मोजणाऱ्याची सही. खऱ्या पट्टीवर हे सगळं असतं, मी रोज शंभर वेळा बघतो.

बारा हजार माझ्या पगारातून गेले. साहेब तसे चांगले आहेत, दोन हप्त्यात कापले. पोलिसात जायला मी दोन दिवस घाबरलो, कारण बिनव्हाउचर कॅश दिली हे लेखी द्यावं लागणार होतं. हा उशीर करू नका. तेवढ्यात बाहेरच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचं फुटेज पुसलं गेलं होतं, गाडीचा नंबर त्यातच मिळाला असता. आमच्या कॅमेऱ्यात तो आहे, पण वरून, टोपी आणि उपरणंच दिसतं.

ठाण्यातले हवालदार म्हणाले की बँकेबाहेर म्हाताऱ्या माणसांना अशीच रुमालातली गड्डी दाखवून त्यांचे खरे पैसे घेऊन जातात, ही जुनी पद्धत आहे, काउंटरच्या आतल्या माणसाला कुणी गंडवलेलं मात्र त्यांनी पहिल्यांदाच बघितलं. हे ऐकून बरं वाटलं नाही.

नंतर साहेबांनी नियमच करून टाकला. काउंटरवर काही सापडलं की लगेच दोघांनी कॅमेऱ्याखाली उघडायचं, मशीनवर मोजायचं, आकडा रजिस्टरला लिहून दोघांच्या सह्या. कुणी घ्यायला आलं की ओळखपत्र घ्यायचं, पैसे कुठून काढले ते विचारून पासबुकावरची नोंद बघायची आणि त्याच्यासमोर परत मोजून सही घ्यायची. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही तर जादा रोकड म्हणून जमा दाखवायची, ड्रॉवरमध्ये ठेवायची नाही. खरे पैसे असते आणि मी ते असेच एकट्याने ठेवून घेतले असते तरी गोत्यात आलो असतो, सापडलेल्या पैशाची जबाबदारी सापडणाऱ्यावर असते.

दिवाळीनंतर शेजारच्या गावातल्या संस्थेत तसाच रुमाल राहिला म्हणे, यावेळी लाल. तिथल्या पोरीने तो उचलला तो थेट मोजायच्या मशीनकडे. दारात उभा असलेला माणूस गड्डी सोडायच्या आत निघून गेला.

आमच्या गड्डीतल्या त्या दोन पाचशेच्या नोटा मात्र खऱ्या निघाल्या. म्हटलं चला, हजार तरी वसूल. तर त्या मुद्देमाल म्हणून पोलिसांनी जमा करून घेतल्या, रुमालासकट.