आठ महिने ब्रँड लिफ्ट वापरून: जाहिरात न दाखवलेल्या 19 टक्क्यांनीही ती "पाहिली" होती

आमचा कांदा-लसूण मसाल्याचा धंदा सांगलीत आहे. जाहिरातीचं काम माझ्याकडे, आणि पैसे अण्णांचे, म्हणजे आमच्या मालकांचे. आठ महिन्यांत आम्ही तीन व्हिडिओ मोहिमा केल्या आणि त्या एका मोठ्या व्हिडिओ प्लॅटफॉर्मच्या ब्रँड लिफ्ट चाचणीवर मोजल्या. प्लॅटफॉर्मचं नाव सांगत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही आहे आणि तिच्यातला निम्मा दोष आमचाच आहे.

चाचणीची रीत सोपी आहे. मोहीम सुरू होण्याआधीच प्रेक्षकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन भाग होतात. एका भागाला आमची जाहिरात दिसते. दुसऱ्या भागातल्या माणसाला आमची जाहिरात दिसायची वेळ आली की मुद्दाम तिच्या जागी दुसऱ्या कुणाची तरी दाखवतात. मग दोन्ही भागांतल्या काही लोकांना व्हिडिओच्या आधी एकच प्रश्न येतो: "यापैकी कोणत्या मसाल्याची जाहिरात तुम्ही अलीकडे पाहिली?" खाली आम्ही, तीन प्रतिस्पर्धी आणि "यापैकी कोणतीही नाही". दोन्ही भागांत आमचं नाव निवडणाऱ्यांच्या टक्केवारीतला फरक म्हणजे लिफ्ट.

हे घेण्याआधी मी घरगुती उपाय करून पाहिला होता. व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिलेले लोक एकीकडे, पाच सेकंदांत स्किप केलेले दुसरीकडे, आणि दोघांना तोच प्रश्न. पहिल्यांत 41 टक्के, दुसऱ्यांत 17. अण्णांना 24 अंकांचा फरक दाखवला तेव्हा माझी कॉलर ताठ होती. पण मसाल्याची जाहिरात शेवटपर्यंत कोण पाहतं? ज्यांच्या घरात आमची बरणी आधीच आहे, ते. मी जाहिरातीचा परिणाम मोजतच नव्हतो, आमचे जुने गिऱ्हाईक मोजत होतो. तुलनेचा गट लोकांच्या वागण्यावरून पाडला की असंच होतं. तो जाहिरात दिसण्याच्या आधीच पडायला हवा, आणि "दाखवली" गटात स्किप करणारेही धरायला हवेत.

पहिल्या मोहिमेत लिफ्ट शून्य आली. व्हिडिओ भिकार आहे असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. दोन दिवसांनी तारखा जुळवताना कळलं की मोहीम सोमवारी सुरू झाली होती आणि चाचणी आम्ही गुरुवारी चालू करायला सांगितली होती. मधल्या तीन दिवसांत, सर्वांत जास्त पैसे खर्च होत असताना, जाहिरात सगळ्यांनाच दिसली, नंतर तुलनेच्या गटात गेलेल्यांनाही. मग फरक दिसणार कुठून? प्लॅटफॉर्मच्या माणसाने हे आधी सांगायला हवं होतं, आणि आम्हीही विचारायला हवं होतं. ते पैसे गेले ते गेलेच.

दुसऱ्या मोहिमेचे आकडे सविस्तर देतो. खर्च 9 लाख रुपये, जाहिरात पोहोचली साधारण 6 लाख लोकांपर्यंत. जाहिरात दाखवलेल्यांपैकी 1,240 जणांनी उत्तर दिलं, त्यातल्या 298 जणांनी आमचं नाव घेतलं, म्हणजे 24 टक्के. न दाखवलेल्यांपैकी 1,180 जणांची उत्तरं आली, त्यांत आमचं नाव 224 जणांचं, म्हणजे 19 टक्के.

या 19 टक्क्यांवर अण्णा अडले. "ज्यांना दाखवलीच नाही, त्यांनी पाहिली कशी?" प्रश्न बरोबर आहे, आणि सगळ्या चाचणीचा जीव त्यातच आहे. कुणी एसटी स्टँडवरचा आमचा जुना बोर्ड आठवतो, कुणी दुसऱ्याच मसाल्याची जाहिरात आमच्या नावावर टाकतो, कुणाला पुढचा व्हिडिओ लवकर हवा असतो म्हणून पहिलं दिसेल ते दाबतो. ही सगळी भेसळ दोन्ही गटांत सारखीच असते, म्हणून वजाबाकीत निघून जाते. नुसता 24 चा आकडा कुणी दाखवला असता तर आम्ही पेढे वाटले असते. आमच्या खर्चाने मिळवलेले त्यातले 5 आहेत.

अहवालात मात्र मोठ्या अक्षरांत 26 टक्क्यांहून जास्त वाढ लिहून येते. तीही खोटी नाही, 19 वर 5 म्हणजे तेवढीच होते. पण मी कुणालाही आधी 5 अंक सांगतो, मग हवं तर टक्केवारी. अजून एक सवय लावून घेतली आहे: आकड्याशेजारचा पल्ला वाचायचा. एवढ्या उत्तरांवर आमची खरी लिफ्ट सुमारे 1.8 ते 8.3 अंकांच्या मध्ये कुठेही असू शकते. आता त्याचे पैसे करा. 6 लाखांवर 5 अंक म्हणजे 30 हजार नवी माणसं, माणशी 30 रुपये. पल्ल्याच्या एका टोकाला हाच दर 18 रुपये होतो, दुसऱ्या टोकाला 83. प्रेझेंटेशनमध्ये फक्त 30 लिहिलं जातं.

त्याच मोहिमेत दुसरा प्रश्नही होता: "पुढच्या वेळी कोणता मसाला घ्याल?" इथे 14 विरुद्ध 12.8 टक्के. फरक 1.2 अंक, पल्ला उणे दीड ते अधिक 3.9, म्हणजे हो की नाही ते सांगता येत नाही. अहवालाच्या भाषेत "लिफ्ट आढळली नाही". अण्णांनी ते "जाहिरातीने काही विकलं जाणार नाही" असं वाचलं. चूक त्यांची नाही, वाक्यच फसवं आहे. एवढा बारीक फरक भरवशाने पकडायला प्रत्येक गटातून साधारण साडेबारा हजार उत्तरं लागतात, आमच्याकडे बाराशे होती. आठवण हलते तेवढी खरेदीची इच्छा एका व्हिडिओने हलत नाही. म्हणून लहान बजेटमध्ये दोन प्रश्न विचारू नका. उत्तरं वाटली जातात आणि दोन्हीकडे अर्धवट हाती येतं.

सगळ्यांत महाग पडला तो वयोगटांचा तक्ता. 18 ते 24 वयात लिफ्ट 11 अंक! कॉलेजच्या पोरांना मसाला आवडतो म्हणून आमच्याकडे आनंदीआनंद. त्या रकान्यात दोन्ही गटांची मिळून उत्तरं होती जेमतेम 310, म्हणजे चूक 9 अंकांपर्यंत होऊ शकते. मी हे बोललो, पण हळू आवाजात. तिसऱ्या मोहिमेचं निम्मं बजेट त्या वयाकडे वळवलं आणि या वेळी त्याच वयात उत्तरंही भरपूर आली. लिफ्ट निघाली 4 अंक, बाकीच्यांएवढीच. सहा रकाने पाडले की एखादा रकाना नुसत्या योगायोगाने उंच दिसतोच.

एक मर्यादा आमच्या गिऱ्हाइकांपुरती. मसाला घेते घरातली बाई, आणि आमच्या भागात तिचा फोन बऱ्याचदा मुलांच्याच हातात असतो. प्रश्नाला उत्तर कोण देतंय ते चाचणीला कळत नाही. शिवाय एकाच घरात एका फोनवर जाहिरात दिसते आणि दुसरा फोन तुलनेच्या गटात पडतो. स्वयंपाकघरातल्या टीव्हीवर दोघंही ती एकदम पाहतात. यामुळे लिफ्ट खऱ्यापेक्षा कमीच दिसते, पण किती कमी ते मला काढता आलेलं नाही. विक्रीचं तर ही चाचणी काहीच सांगत नाही, त्यासाठी मी अजून वितरकांच्या वह्याच चाळतो.

चौथ्या मोहिमेसाठी चाचणी पुन्हा घेतली आहे. प्रश्न एकच, चाचणी मोहिमेच्या पहिल्या मिनिटापासून चालू, आणि वयाचा तक्ता अण्णांना दाखवायचा नाही असं मी आणि अकाउंटवाल्या वहिनींनी मिळून ठरवलंय.