पुस्तक दुकानात ठेवताना मी लिहिलेलं पत्र

माझ्या आईच्या आणि गावातल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या मी अकरा वर्षं जमवल्या. आमचं गाव गंगाखेडजवळ, गोदाकाठी. प्रकाशक मिळाला नाही, म्हणून स्वतःच्या पैशांनी ३०० प्रती छापल्या. छपाईला प्रतीमागे ९० रुपये पडले, किंमत १८० ठेवली. जवळच्या शहरातल्या एका पुस्तकाच्या दुकानात प्रती विक्रीसाठी ठेवायच्या म्हणून मी पत्र टाइप करून घेतलं. फसले ते त्या पत्रामुळेच. माझ्यासारखं स्वतः पुस्तक काढणाऱ्यांनी निदान माझं पत्र तरी पाहावं.

पत्राचं दीड पान पुस्तकाबद्दल होतं. ओव्या कशा जमवल्या, कुणी शाबासकी दिली, सगळं. कामाची ओळ शेवटी एकच: "काही प्रती आपल्या दुकानात ठेवाव्यात व विक्री झाल्यावर आपल्या सोयीने हिशोब करावा." मला ते नम्रपणाचं वाटलं होतं. मी ६० प्रती रिक्षातून नेऊन दिल्या. मालकांनी चहा पाजला आणि तोंडी ४० टक्के कमिशन ठरवलं, म्हणजे विकलेल्या प्रतीमागे मला १०८ रुपये. पोच मागायची मला लाज वाटली.

दिवाळीनंतर गेले तर म्हणाले, "काय घाई हाय ताई, मार्चएंडला बघूत." मार्च गेला, पावसाळा आला. मग एक दिवस गठ्ठा समोर ठेवला. १९ प्रती, कोपरे दुमडलेल्या. "अकरा विकल्या. तीसच दिल्या होत्या ना तुम्ही?" मी साठ म्हणाले, तर त्यांनी माझंच पत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. त्यात आकडा नव्हताच. ११ प्रतींचे १,१८८ रुपये घेऊन मी परत आले आणि रात्रभर झोपले नाही. पैशापेक्षा त्या बायांचं वाईट वाटत होतं, ज्यांनी दळता दळता मला ओव्या सांगितल्या होत्या.

पुढे एका खेड्यातल्या वाचनालयात कार्यक्रमाला बोलावलं. कपाटात माझं पुस्तक दिसलं, तेही दोन. ग्रंथपालांनी दाखल नोंदवही उघडली. सरकारी अनुदानावरच्या वाचनालयात प्रत्येक पुस्तकाची त्यात नोंद असते: कोणाकडून घेतलं, बिल नंबर, तारीख, किंमत. दुकान तेच, १५ टक्के सूट देऊन, फेब्रुवारीतलं बिल. म्हणजे मार्चएंडचं कारण मला सांगितलं जात होतं तेव्हा पुस्तकं विकली जात होती. ग्रंथपालांनीच दुसऱ्या एका वाचनालयाचं नाव सांगितलं, तिथे तीन निघाल्या. एका शिक्षण संस्थेने २६ जानेवारीच्या बक्षिसांसाठी १२ घेतल्या होत्या, बिल फाइलला होतं. तिन्ही मिळून १७, म्हणजे मालकांनी सांगितलेल्या अकरापेक्षा सहा जास्त. हे पुस्तक मी दुसऱ्या कुठल्याही दुकानात ठेवलंच नव्हतं.

बिलांच्या झेरॉक्स घेऊन गेले. आवाज न चढवता त्यांनी सहा प्रतींचे ६४८ रुपये दिले आणि म्हणाले, "बाकीचं सिद्ध करा." बाकीच्या २४ प्रतींचं मला सिद्ध करता येत नाही.

ओळखीच्या वकिलांनी पत्र वाचलं आणि पहिलं विचारलं, मुदत कुठे आहे? १९३० च्या मालविक्री कायद्यात 'विका नाहीतर परत करा' अशा मालासाठी कलम २४ आहे. ठरलेल्या मुदतीत माल नाकारल्याचं न कळवता ठेवून घेतला, तर तो घेणाऱ्याने विकत घेतला असं धरतात. मुदत लिहिलेली नसेल तर 'वाजवी वेळ' लागू होते, आणि ती किती यावरच भांडण. माझ्या पत्रात तर 'आपल्या सोयीने' असं मीच लिहून दिलं होतं.

नवीन पत्रात पुस्तकाची ओळख चार ओळींत आटोपते. मग असं लिहिते: "एकूण ३० प्रती, छापील किंमत १८०, कमिशन ४० टक्के. दर तीन महिन्यांच्या अखेरीस विक्रीचा हिशोब व रक्कम द्यावी. न विकलेल्या प्रती १५ मार्चपर्यंत चांगल्या स्थितीत परत कराव्यात. परत न आलेल्या किंवा खराब झालेल्या प्रती विकल्या गेल्या असे धरून रक्कम द्यावी." पत्राच्या दोन प्रती काढते. माझ्या प्रतीवर मोजलेला आकडा, तारीख, सही आणि दुकानाचा शिक्का घेतल्याशिवाय गठ्ठा काउंटरवर सोडत नाही. प्रत्येक प्रतीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने क्रमांक घालते, कोणत्या दुकानात कोणते क्रमांक गेले ते वहीत लिहिते.

हे पत्र घेऊन नांदेडच्या एका दुकानात गेले. मालकांनी दोनदा वाचलं, १५ मार्च खोडून ३१ मार्च केलं, "वाचनालयांची खरेदी शेवटच्या आठवड्यात असते, ताई," म्हणाले, आणि खोडलेल्या जागी स्वतःची सही करून ३० प्रती मोजून घेतल्या. ज्यांनी माझ्यासारखं एखाद्या दुकानात नुसता चहा घेऊन प्रती ठेवल्या आहेत त्यांनी आजच जाऊन मोजून घ्या, आणि आकड्यावर सही घ्या.